बल्बचा आलेखही सरळ येतो, मग फरक कुठे?

प्रश्न: सर, आम्ही ऐरोलीत राहतो, लेक नववीत आहे. तिने घरी ३३ ओहमचा रोधक आणि स्कूटरचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब घेऊन मोजमापं केली. ६, ८, १० आणि १२ व्होल्टला रोधकातून ०.१८, ०.२४, ०.३० आणि ०.३६ अँपिअर आले. बल्बमधून ०.२८, ०.३३, ०.३८ आणि ०.४२. आलेख काढला तर दोन्ही सरळ रेषा! शिकवणीत तर सांगितलंय की बल्बची रेषा वाकते. प्रयोग चुकला का, की बल्बही ओहमचा नियम पाळतो?

उत्तर: प्रयोग चुकलेला नाही. तिने घेतलेली मापं चांगली आहेत, आणि मला ती खरी वाटतात याला एक कारण आहे. १२ व्होल्ट आणि ०.४२ अँपिअर यांचा गुणाकार करा. ५.०४ वॅट येतात, आणि बल्बवर ५ वॅटच छापलेलं आहे. घाईत, अंदाजाने लिहिलेले आकडे इतके जुळत नाहीत.

आता आलेखाचा कागद तिच्यासमोर ठेवा आणि पट्टी घेऊन बल्बची रेषा डावीकडे, शून्य व्होल्टपर्यंत वाढवायला सांगा. ६ पासून १२ व्होल्टपर्यंत जाताना धारा ०.१४ अँपिअरने वाढली. तोच उतार धरून ६ व्होल्टपासून मागे शून्यापर्यंत आलं तर ०.२८ मधून आणखी ०.१४ जातील आणि उभ्या अक्षावर ०.१४ उरतील. म्हणजे ही रेषा सांगते की बल्बला काहीही जोडलेलं नसताना त्यातून ०.१४ अँपिअर वाहतात. हे शक्य नाही. तेव्हा ६ व्होल्टच्या खाली, जिथे तिने मोजलंच नाही, तिथे ही रेषा कुठेतरी वळून आरंभबिंदूकडे उतरली पाहिजे. शिकवणीत ज्या वळणाबद्दल सांगितलं ते तिच्या कागदाच्या रिकाम्या डाव्या बाजूला आहे. रोधकाची रेषा तशीच मागे नेली तर ०.१८ मधून ०.१८ जातात आणि ती नेमकी आरंभबिंदूवर टेकते.

ठाण्यात शाळेची प्रयोगशाळा सांभाळताना हा घोटाळा मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो मुलांचा मानायला माझं मन तयार होत नाही. आपण शिकवतानाच म्हणतो, ‘आलेख सरळ आला की ओहमचा नियम.’ ते वाक्य अर्धं आहे. विद्युतधारा विभवांतराशी समानुपाती असणं म्हणजे विभवांतर दुप्पट केलं की धाराही दुप्पट होणं. त्यासाठी रेषा सरळ तर हवीच, पण ती आरंभबिंदूतूनही जायला हवी. तिच्या बल्बला ६ चे १२ व्होल्ट दिले तेव्हा धारा ०.२८ वरून ०.५६ व्हायला हवी होती. ती ०.४२ वरच थांबली.

म्हणून रेषेच्या आकाराकडे बघण्याआधी भागाकार करायचा. प्रत्येक जोडीत विभवांतर भागिले धारा, V/I. रोधकासाठी चारही वेळा ३३.३ ओहम येतात. बल्बसाठी येतात २१.४, २४.२, २६.३ आणि २८.६. डोळ्याला सरळ दिसणाऱ्या त्या चार बिंदूंमध्ये गुणोत्तर एक तृतीयांशाने वाढलं आहे.

कुणी म्हणेल, ही मीटरची चूक असेल. तेही तपासू. तिचा मीटर ०.०१ अँपिअरपर्यंत दाखवतो, म्हणजे ०.२८ हा आकडा खरं तर ०.२७५ ते ०.२८५ यांच्या मधला कुठलाही असू शकतो. त्यामुळे पहिलं गुणोत्तर २१.१ ते २१.८ या पट्ट्यात पडतं आणि शेवटचं २८.२ ते २८.९ या पट्ट्यात. दोन्ही पट्टे एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. शिवाय तेच मीटर तिने रोधकालाही लावले होते आणि तिथे गुणोत्तर जागचं हललं नाही. मीटर चुकवत असता तर त्याने दोघांनाही चुकवलं असतं.

इथेच आणखी एका चुकीपासून तिला सावध करा, कारण हुशार मुलं नेमकी यात सापडतात. आलेख सरळ दिसतो म्हटल्यावर ती रोध उतारावरून काढतात: विभवांतरातला फरक ६ व्होल्ट, धारेतला फरक ०.१४ अँपिअर, भागाकार ४३ ओहम. रोधकासाठी ही रीत बरोबर उत्तर देते, कारण तिथे उतार आणि गुणोत्तर एकच असतात. बल्बसाठी ४३ ओहम हे उत्तर निरर्थक आहे. ६ ते १२ व्होल्टमध्ये त्या बल्बचा रोध एकदाही ४३ नव्हता, २१ आणि २९ यांच्या मधेच होता. वक्र आलेखावर एखाद्या ठिकाणचा रोध म्हणजे आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंत काढलेल्या रेषेवरून मिळणारं गुणोत्तर. त्या जागी वक्र किती तिरका आहे ही वेगळी गोष्ट आहे.

आता राहिलेली डावी बाजू भरून काढू. त्यासाठी नवीन काही विकत आणायला नको, तिच्याकडचा रोधकच उपयोगी पडेल. दीड व्होल्टचा एक साधा सेल, रोधक, अमीटर आणि बल्ब एका ओळीत, म्हणजे एकसर जोडणीत जोडा. व्होल्टमीटरची टोकं बल्बच्याच दोन पायांवर टेकवा, सेलवर नाही. मी हेच साहित्य घेऊन घरी करून पाहिलं. अमीटरवर ३९ मिलिअँपिअर आले आणि बल्बवर ०.१०९ व्होल्ट. भागाकार २.८ ओहम. बल्ब अर्थातच पेटलेला दिसत नाही, पण धारा वाहते आहे. मग दोन सेल लावले: ७२ मिलिअँपिअर, ०.४३ व्होल्ट, गुणोत्तर ६ ओहम. नंतर रोधक काढून दोन सेल थेट बल्बला जोडले, तेव्हा बल्बवर २.८ व्होल्ट राहिले आणि धारा ०.१८ अँपिअर झाली, म्हणजे १५.६ ओहम. या तीन बिंदूंच्या पुढे तुमच्या लेकीचे चार बिंदू ठेवले की असं दिसतं:

| बल्बवरचं विभवांतर (व्होल्ट) | धारा (अँपिअर) | गुणोत्तर (ओहम) |
|---|---|---|
| ०.१०९ | ०.०३९ | २.८ |
| ०.४३ | ०.०७२ | ६.० |
| २.८ | ०.१८ | १५.६ |
| ६ | ०.२८ | २१.४ |
| ८ | ०.३३ | २४.२ |
| १० | ०.३८ | २६.३ |
| १२ | ०.४२ | २८.६ |

बल्ब तोच नाही, जात तीच आहे, तेव्हा शेवटचा अंक इकडेतिकडे होईल. पण हे सातही बिंदू एका कागदावर मांडले की वळण लपत नाही. आडव्या अक्षावर विभवांतर आणि उभ्या अक्षावर धारा घेतली असेल तर वक्र सुरुवातीला झपकन वर चढतो आणि मग आडवा होत जातो. कुणी अक्ष अदलाबदल करून काढला तर तोच वक्र उलट, वरच्या बाजूला उचलला जाताना दिसेल. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या आलेखाशी ताडून पाहण्याआधी अक्षांवर काय लिहिलं आहे ते वाचायला सांगा. यावरून वर्गात दोन मुलींचं विनाकारण भांडण झालेलं मी पाहिलं आहे, आणि दोघींचे आलेख बरोबर होते.

एकसर जोडणीत आणखी एक सुंदर गोष्ट हाताशी येते, आणि मला ती सगळ्या आलेखांपेक्षा जास्त आवडते, कारण तिच्यात अमीटर लागतच नाही. रोधक आणि बल्ब एकामागे एक जोडले की दोघांतून वाहणारी धारा एकच असते. तेव्हा दोघांवरची विभवांतरं फक्त मोजायची आणि त्यांची वाटणी कशी होते ते पाहायचं. एका सेलवर रोधकाला १.३० व्होल्ट मिळाले आणि बल्बला ०.१०९, म्हणजे साधारण १२ भाग रोधकाला आणि १ भाग बल्बला. त्याच जोडणीला मी १२ व्होल्टचा अॅडॉप्टर लावला तेव्हा रोधकाला पावणेआठ व्होल्ट आले आणि बल्बला सव्वाचार. वाटणी १२ ला १ होती ती पावणेदोनाला १ च्या आसपास आली. दोघांचंही गुणोत्तर कायम असतं तर सेल लावा की अॅडॉप्टर, वाटणी तीच राहिली असती. ती बदलली म्हणजे दोघांपैकी निदान एक बदलतो आहे. कोण बदलतो, ते रोधकाच्या ३३.३ वरून आधीच कळलेलं आहे.

कारण तापमानात आहे. बल्बमधली तार टंगस्टनची असते. धातूच्या तारेतून इलेक्ट्रॉन जाताना त्यांना अणूंच्या थरथरण्याचा अडथळा होतो, आणि तार तापली की ती थरथर वाढते. सुरुवातीला तार खोलीच्या तापमानाला असते. १ व्होल्टच्या आसपास खोलीत पूर्ण अंधार करून पाहिलं तर फिलामेंट अगदी मंद तांबूस दिसायला लागतं. तेव्हा ती सातशे अंश सेल्सिअसच्या आगेमागे पोहोचलेली असते. १२ व्होल्टला ती दोन हजार अंशांच्या पुढे जाते. थंड असताना रोध सव्वादोन ओहमच्या आतबाहेर होता, पूर्ण उजेडात २८.६ झाला, म्हणजे जवळजवळ तेरापट. टंगस्टनची रोधकता खोलीच्या तापमानापासून २,५०० केल्विनपर्यंत साधारण तेवढीच वाढते, त्यामुळे हिशेब जुळतो.

पुढच्या वर्गातली मुलं इथे ‘दर अंशाला ०.००४५’ हा तापमान गुणांक घालून फिलामेंटचं तापमान काढतात. तो गुणांक खोलीच्या तापमानाजवळ ठीक चालतो. दोन हजार अंशांपर्यंत तोच आकडा ताणला तर उत्तर शेकडो अंशांनी जास्त येतं, कारण टंगस्टनची रोधकता सरळ रेषेत वाढत नाही, वर जाताना जास्त वेगाने वाढते. त्या टोकाला रोधकतेचा तक्ता पाहावा, गुणांक लावू नये.

मग रोधक का बदलला नाही? तोही तापतो. १२ व्होल्टला ०.३६ अँपिअर म्हणजे ४.३ वॅट, बल्बपेक्षा थोडेच कमी. तुमच्या लेकीकडे पांढऱ्या सिमेंटच्या आवरणातला ५ किंवा १० वॅटचा रोधक असणार, नाहीतर तो या प्रयोगातून वाचला नसता. त्याच्या आत गुंडाळलेली तार अशा मिश्रधातूची असते की तापमानाने तिचा रोध फारच कमी बदलतो. शिवाय बल्बची उष्णता केसापेक्षा बारीक तारेत कोंडलेली असते, तर रोधकाची त्याच्या सगळ्या अंगावरून बाहेर जाते. तो शंभर अंशांनी तापला तरी रोधात शेकडा दोन-तीनच्या वर फरक पडत नाही, आणि तिच्या मीटरला तेवढा फरक जेमतेम दिसला असता. हात मात्र लावू देऊ नका, चटका बसतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तांदळाच्या दाण्याएवढे रंगीत पट्ट्यांचे पाव वॅटचे रोधक मिळतात, त्यांतला ३३ ओहमचा रोधक पावणेतीन व्होल्टच्या बराच वर नेला की काळा पडायला लागतो. तापून रंग गेलेल्या रोधकाचं गुणोत्तर मग खरोखरच सरकतं, आणि मुलं लिहून ठेवतात की रोधक नियम पाळत नाही.

तुम्ही विचारलंय की बल्ब ओहमचा नियम पाळतो का. नियमाच्या वाक्यात सुरुवातीलाच एक अट आहे: वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना. पाठांतरात ती अट सर्वांत आधी गळते. बल्बचा प्रत्येक नवा बिंदू घेताना तारेचं तापमान वेगळं होतं, म्हणजे ती अट आपणच मोडली. तेव्हा १२ व्होल्टपर्यंतचा वक्र पाहून टंगस्टनला दोष देता येत नाही. एवढंच म्हणता येतं की बल्ब, बल्ब म्हणून वापरला असता, त्याचं गुणोत्तर कायम राहत नाही.

ही अट पाळून पाहायची असेल तर तार तापणारच नाही इतकी कमी धारा द्यायची. एक सेल आणि ३३ ओहमच्या जागी ३३० ओहमचा रोधक लावा. धारा साडेचार मिलिअँपिअर येते आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या खुणेवर ठेवला तर बल्बवर १० मिलिव्होल्टच्या जवळपास दिसतात, म्हणजे २.२ ओहम. दोन सेल लावा, धारा ९ मिलिअँपिअर होते, विभवांतर २० मिलिव्होल्टच्या जवळ जातं आणि गुणोत्तर पुन्हा २.२ च्या जवळच राहतं. इथे बल्बला मिळणारी शक्ती वॅटच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे, तेव्हा तार थंडच राहते. आरंभबिंदूला लागून असलेल्या या इवल्याशा तुकड्यात बल्बचा आलेख रोधकासारखाच सरळ आहे, आणि तो आरंभबिंदूतूनही जातो. बल्ब काढून मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर मोजला तरी हाच आकडा मिळायला हवा. मात्र आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध पाहा आणि तो वजा करा. माझ्या मीटरवर बल्बचे २.४ आले आणि नुसत्या टोकांचे ०.२.

मोजताना दोन गोष्टींमुळे आकडे बिघडतात. पहिली, व्होल्टमीटरची टोकं नेमकी बल्बच्या पायांवर न टेकवता, मधे अमीटरही येईल अशी लावणं. स्वस्त मल्टिमीटरमध्ये २०० मिलिअँपिअरच्या खुणेवर मीटरचा स्वतःचा रोधच सुमारे १ ओहम असतो. बल्ब पेटलेला असताना २८ मध्ये तो १ ओहम कुणाच्या लक्षात येत नाही, पण थंड बल्बच्या २.२ मध्ये तो मिसळला की उत्तर ३.२ येतं आणि वक्राची सुरुवातच खोटी होते. कमी व्होल्टला गुणोत्तर तीनच्या खाली उतरतच नसेल तर आधी ही जोडणी तपासा. तसंच अॅडॉप्टरच्या बटणावर लिहिलेल्या ६ किंवा ९ वर विसंबू नका. जुने साधे अॅडॉप्टर हलक्या भाराला लिहिल्यापेक्षा बरेच जास्त व्होल्ट देतात, आणि बल्ब जोडला की खाली येतात. विद्युतस्रोत डळमळता असला की हा प्रयोग फसतो हे खुद्द ओहमलाही जाणवलं होतं. १८२६ च्या सुमारास त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ व तांब्याचा सांधा वापरला. त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून त्याने विभवांतर स्थिर राखलं. आपल्याकडे व्होल्टमीटर आहे, तेव्हा दर वेळी बल्बच्या पायांवर मोजलं की काम होतं.

दुसरी गोष्ट फ्यूजची. थंड बल्बला एकदम १२ व्होल्ट दिले तर पहिल्या क्षणी रोध २.२ ओहमच असतो. तार तापेपर्यंतच्या त्या क्षणभरात धारा पाच अँपिअरपर्यंत जाऊ पाहते. अमीटर २०० मिलिअँपिअरच्या खुणेवर असेल तर त्याचा फ्यूज जातो, आणि मग तो मीटर प्रत्येक बल्बमधून शून्य धारा दाखवत राहतो. बिचारी मुलं बल्ब बदलत बसतात. म्हणून रोधक जोडलेले असतानाच लहान खूण वापरायची, आणि बल्ब थेट स्रोताला लावताना तांबडी वायर १० अँपिअरच्या भोकात हलवायची.

बल्ब विकत आणताना गॅरेजवाल्याला फिलामेंटचाच द्यायला सांगा. हल्ली त्याच आकाराचे एलईडीही मिळतात आणि त्यांचा आलेख पूर्ण निराळा असतो: बराच वेळ काहीच धारा नाही, मग अचानक चढ, आणि वायरी उलट्या केल्या तर बऱ्याचदा काहीच नाही. टंगस्टनला दिशेचं सोयरसुतक नसतं. लेकीला बल्बच्या वायरी उलटवून एक-दोन बिंदू पुन्हा घ्यायला सांगा, गुणोत्तर तेच आलं पाहिजे. आणि घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर यातलं काहीही करू देऊ नका. सेल आणि १२ व्होल्टचा अॅडॉप्टर यांवर सगळं मिळतं.

कागदावर शेवटी तिला दुसरा आलेख काढायला सांगा: आडव्या अक्षावर विभवांतर आणि उभ्या अक्षावर धारेऐवजी गुणोत्तर. रोधकाची रेषा ३३.३ वर सपाट जाईल. बल्बची २.२ पासून निघून २८.६ पर्यंत चढेल, आणि ६ ते १२ व्होल्टच्या ज्या भागात पहिला आलेख दोघांना सारखंच सरळ दाखवत होता, त्या भागातही एक सपाट आणि एक चढती रेषा दिसेल.